एचआयव्ही : विषाणू ‘सापडत नाही’ म्हणजे नेमके काय?

एचआयव्हीसाठी उपचार घेणाऱ्या व्यक्तीच्या नोंदपुस्तिकेत दोन आकडे पुन्हा पुन्हा लिहिले जातात. एक सीडी४ आणि दुसरा व्हायरल लोड. पहिला वाढला पाहिजे आणि दुसरा कमी झाला पाहिजे, एवढे बहुतेकांना माहीत असते. मग एके दिवशी दुसऱ्या रकान्यात आकड्याऐवजी ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असे लिहून येते, म्हणजे विषाणू सापडला नाही. इथून गोंधळ सुरू होतो. विषाणू गेला का? गोळ्या बंद करायच्या का? मग साधी एचआयव्ही चाचणी अजूनही पॉझिटिव्ह कशी? आणि घरातल्या माणसाला आता धोका आहे की नाही? हे दोन आकडे नेमके काय मोजतात आणि गोळीमुळे शरीरात काय घडते, हे समजून घेतले की या प्रश्नांची उत्तरे मिळतात.

सीडी४ : किती शिल्लक आहे?

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये ‘मदतनीस टी-पेशी’ नावाचा एक गट असतो. जंतू शरीरात शिरल्यावर या पेशी इतर संरक्षक पेशींना संदेश देतात आणि कामाला लावतात. त्यांच्या पृष्ठभागावर सीडी४ नावाचे प्रथिन असते, म्हणून त्यांना सीडी४ पेशी म्हणतात. एचआयव्ही याच प्रथिनाला चिकटून पेशीत शिरतो. म्हणजे जी पेशी लढाईचे नियोजन करते, तिच्यावरच हा विषाणू घाला घालतो.

निरोगी प्रौढाच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० सीडी४ पेशी असतात. उपचार नसतील तर हा आकडा वर्षाला सरासरी ५० ते १०० ने घटत जातो, म्हणून लागण झाल्यानंतर कित्येक वर्षे माणूस धडधाकट दिसू शकतो. तो २०० च्या खाली गेला की एरवी निरुपद्रवी असणारे जंतूही डोके वर काढतात. फुप्फुसात न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया होतो. आकडा १०० च्याही खाली गेला तर क्रिप्टोकॉकस बुरशीमुळे मेंदूज्वराचा धोका वाढतो. क्षयरोग मात्र सीडी४ चांगला असतानाही गाठू शकतो, म्हणून खोकला, ताप, वजन घटणे आणि रात्रीचा घाम यांची चौकशी प्रत्येक भेटीत केली जाते.

हा आकडा थोडा चंचल आहे. तो सकाळी आणि संध्याकाळी वेगळा येऊ शकतो. साधा ताप आला तरी तो तात्पुरता उतरतो. गेल्या वेळी ४२० होता आणि आता ३८० आला, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. महत्त्व असते ते तीन-चार तपासण्यांमधून दिसणाऱ्या दिशेला.

व्हायरल लोड : नुकसान किती वेगाने चालू आहे?

धान्याच्या कणगीला उंदीर लागले आहेत अशी कल्पना करा. कणगीत धान्य किती उरले आहे, हे सीडी४ सांगतो. उंदीर किती आहेत, हे व्हायरल लोड सांगतो. उंदीर आज वाढले तरी कणगी लगेच रिकामी दिसत नाही. आणि उंदरांचा बंदोबस्त केला तरी ती लगेच भरत नाही, कारण नवे धान्य हळूहळूच येते. या दोन आकड्यांमध्येही असेच अंतर असते. व्हायरल लोड आधी हलतो, सीडी४ मागाहून.

व्हायरल लोडच्या चाचणीत रक्तातील द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा वेगळा करतात आणि त्यातल्या विषाणूच्या जनुकीय धाग्याच्या, म्हणजे आरएनएच्या प्रती मोजतात. कोविडच्या काळात घराघरात पोहोचलेले पीसीआरचे तंत्र इथेही वापरले जाते. उत्तर ‘एका मिलिलिटरमध्ये इतक्या प्रती’ असे येते. उपचार नसलेल्या व्यक्तीत हा आकडा काही हजारांपासून काही लाखांपर्यंत असू शकतो.

तो वाचण्याची सोपी युक्ती म्हणजे आकड्यातील शून्ये पाहणे. एकाच माणसाचा व्हायरल लोड दोन तपासण्यांत दुप्पट किंवा निम्मा आला तर तो बहुधा नेहमीचा चढउतार असतो. दहापट फरक मात्र खरा असतो. उपचार सुरू असताना ‘सापडत नाही’ या निकालानंतर एखाद्या वेळी ८० किंवा १२० असा छोटा आकडा येऊन पुढच्या वेळी पुन्हा नाहीसा झाला, तर त्याने घाबरून जायचे कारण नसते. सरकारी कार्यक्रमात १००० ही महत्त्वाची रेषा मानली आहे. गोळ्या सुरू असताना आकडा १००० किंवा त्याहून जास्त आला, तर कारण शोधावे लागते.

‘सापडत नाही’ याचा अर्थही इथेच स्पष्ट होतो. प्रत्येक यंत्राची एक किमान मर्यादा असते. कुठे ती २० प्रती असते, कुठे ४०, कुठे ५०. त्याखाली विषाणू असला तरी यंत्राला तो भरवशाने मोजता येत नाही. तेव्हा ‘सापडत नाही’ म्हणजे ‘रक्तात मोजण्याइतका नाही’. ‘शरीरात कुठेच नाही’ असा त्याचा अर्थ होत नाही.

गोळी विषाणूला मारत नाही

१९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेकांची समजूत होती की, लागणीनंतरची पहिली बरीच वर्षे विषाणू झोपलेला असतो. रुग्णाला त्रास नसतो आणि व्हायरल लोड महिनोन्‌महिने जवळपास तेवढाच राहतो, म्हणून हा समज पक्का झाला होता. १९९५ आणि १९९६ मध्ये डेव्हिड हो, जॉर्ज शॉ, ॲलन पेरेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामाने तो मोडला. त्यांनी काही रुग्णांना विषाणूची वाढ रोखणारे औषध दिले आणि रक्तातला विषाणू किती वेगाने घटतो ते मोजले. १९९६ च्या अभ्यासात पाच रुग्ण होते. त्यांच्या आकड्यांवरून गणित मांडल्यावर दिसले की रक्तात मोकळा फिरणारा विषाणू काही तासांतच नष्ट होतो. विषाणू तयार करणारी बाधित पेशीही साधारण दोन दिवसच जगते. आणि तरीही व्हायरल लोड स्थिर दिसत होता, कारण रोज सुमारे १००० कोटी नवे विषाणू तयार होत होते आणि जवळपास तेवढेच नष्ट होत होते. वरून शांत दिसणाऱ्या आकड्याखाली रात्रंदिवस अशी उलाढाल चालू होती.

गोळी कशी काम करते, याचे उत्तर या शोधात आहे. एचआयव्हीचा जनुकीय धागा आरएनएचा असतो. पेशीत शिरल्यावर तो स्वतःची डीएनए प्रत बनवतो, ती प्रत पेशीच्या मूळ डीएनएत जोडतो आणि मग पेशीच्याच यंत्रणेकडून नवे विषाणू तयार करून घेतो. आज आपल्याकडच्या सरकारी एआरटी केंद्रांत प्रौढांना सहसा पहिल्यांदा जी गोळी मिळते, तिच्यात टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधे एकत्र असतात. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन डीएनए प्रत अर्धवट तोडतात. डोल्युटेग्राविर ती प्रत पेशीच्या डीएनएत जोडू देत नाही.

यातले एकही औषध विषाणूला थेट मारत नाही. ती फक्त नव्या पेशीची लागण रोखतात. पण जुने विषाणू काही तासांचेच सोबती असतात आणि बाधित पेशी दोन दिवसांच्या. नवी भरती थांबली की जुने आपोआप संपतात. उंदरांना विष घातले नाही, पण नवी पिले होऊ दिली नाहीत, असा हा प्रकार आहे. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांतच व्हायरल लोड साधारण शंभरपट खाली येऊ शकतो. काही बाधित पेशी जरा जास्त टिकतात, त्यामुळे पुढची घट संथ असते. नियमित गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांत तीन ते सहा महिन्यांत आकडा यंत्राच्या मर्यादेखाली जातो.

तीन औषधे कशासाठी?

विषाणू आपली डीएनए प्रत घाईने आणि चुकतमाकत बनवतो. त्याचा धागा सुमारे दहा हजार अक्षरांचा असतो आणि दर काही प्रतींमागे एखादे अक्षर चुकते. रोज १००० कोटी विषाणू तयार होत असतील, तर एकेका अक्षराचा जवळजवळ प्रत्येक संभाव्य बदल कुठे ना कुठे होऊन जातो. लॅमिव्हुडिनला दाद न देण्यासाठी विषाणूला असा एकच बदल पुरतो. म्हणून एकेकटे औषध देण्याच्या काळात सुरुवातीला सुधारणा दिसायची आणि काही महिन्यांत ती ओसरायची. तीन औषधांना एकाच वेळी चकवायचे तर अनेक योग्य बदल एकाच विषाणूत जमून यावे लागतात. वाढच थांबलेली असेल तर ती संधी मिळत नाही.

हे संरक्षण औषधाची रक्तातली पातळी टिकून असेपर्यंतच चालते. वारंवार गोळ्या चुकल्या की पातळी इतकी खाली येते की विषाणू वाढू शकतो, पण इतकीही नाही की औषधाचा दबाव पूर्ण जावा. अशा वेळी औषधाला न जुमानणारा विषाणू इतरांना मागे टाकतो. एखादी गोळी विसरली तर आठवताच घ्यावी. धोका असतो तो पुन्हा पुन्हा पडणाऱ्या खंडात.

एका पुस्तिकेतील चार नोंदी

हे सगळे एका उदाहरणावरून पाहू. समजा, ४१ वर्षांचे एक आचारी आहेत. लग्नकार्यांत स्वयंपाकाची कंत्राटे घेतात. वजन घटू लागले म्हणून तपासणी झाली आणि एचआयव्हीचे निदान झाले. सीडी४ आला १८०. त्यांनी बाहेरच्या प्रयोगशाळेत व्हायरल लोडही करून घेतला, तो २,४०,००० निघाला. सरकारी कार्यक्रमात सुरुवातीला व्हायरल लोड लागत नाही, कारण तो कितीही असला तरी उपचार सुरूच करायचे असतात. सीडी४ मात्र बघावाच लागतो. तो कमी असल्याने त्यांची क्षयरोगासाठी तपासणी झाली आणि इतर जंतूंपासून बचावासाठी कोट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्याही सुरू झाल्या.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड सापडला नाही. सीडी४ मात्र २६० पर्यंतच पोहोचला होता. त्यांना वाटले, औषध अर्धेच लागू पडले. तसे नव्हते. उंदीर थांबले होते, कणगी भरायला वेळ लागणार होता. उशिरा उपचार सुरू झालेल्या काहींत सीडी४ पुढेही ५०० च्या वर जात नाही, तरी व्हायरल लोड दबलेला असेल तर औषध आपले काम करत असते.

बाराव्या महिन्यात सीडी४ ३०० झाला आणि सगळे खूश झाले. आठवड्याभराने व्हायरल लोडचा अहवाल आला : ३,१००. नुसता सीडी४ पाहिला असता तर ही गोष्ट आणखी काही महिने कुणाच्याच लक्षात आली नसती.

अशा वेळी लगेच औषध बदलत नाहीत. आधी समुपदेशक रुग्णाबरोबर बसून रोजचा दिवस तपासतात. आचाऱ्यांच्या बोलण्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. लग्नसराईत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काम चाले आणि आठवड्यातून दोन-तीनदा गोळी राहून जाई. आणि जागरणाने जळजळ होते म्हणून ते रोज रात्री गोळीबरोबरच पातळ अँटासिड घेत होते. अँटासिडमधले मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम डोल्युटेग्राविरला पोटातच बांधून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसे उतरत नाही. गोळी घेतली, पण अर्धी वाया गेली, असे होत होते. अशी अँटासिडे घ्यायचीच असतील तर डोल्युटेग्राविर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे लागते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हा नियम लागू आहे, पण त्या जेवणासोबत डोल्युटेग्राविरबरोबर घेतल्या तर चालतात. गरोदरपणात या दोन्ही गोळ्या रोजच्या असतात, तेव्हा हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

त्यांनी गोळीची वेळ सकाळच्या चहाला बांधली आणि अँटासिड रात्रीवर ठेवले. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा विषाणू सापडला नाही. गोळ्या नीट घेऊनही आकडा १००० च्या वरच राहिला असता, तर औषधप्रतिरोधाची शंका घेऊन तज्ज्ञांच्या सल्ल्याने पुढचा निर्णय झाला असता. आकडा वाढला की रुग्णावर ओरडण्याऐवजी कारण शोधायचे ते याचसाठी. कारण समजले तर बऱ्याचदा तीच औषधे पुन्हा नीट काम करतात.

सापडत नाही, तर गोळ्या बंद का नाही?

काही सीडी४ पेशी बाधित झाल्यावर विश्रांतीच्या अवस्थेत जातात. विषाणूची डीएनए प्रत त्यांच्या जनुकांत जोडलेली असते, पण पेशी झोपलेली असल्याने नवे विषाणू बनत नाहीत. अशा पेशीला औषधे ओळखत नाहीत आणि शरीराची संरक्षणव्यवस्थाही ओळखत नाही. प्रमाणाने त्या फार थोड्या असतात, अंदाजे दहा लाख विश्रांत पेशींमागे एक. पण हा सुप्त साठा अतिशय हळू घटतो. तो निम्मा व्हायला साधारण ४४ महिने लागतात, असे संशोधकांनी मोजले आहे. या वेगाने तो पूर्ण संपायला साठ वर्षांहून अधिक काळ लागेल.

गोळ्या चालू असताना यातली एखादी पेशी जागी झाली तरी तिच्यातून निघालेल्या विषाणूला पुढची पेशी गाठता येत नाही. गोळ्या थांबल्या की तो मोकळा सुटतो. बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत व्हायरल लोड पुन्हा वर येतो. कर्करोगासाठी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेले मोजके रुग्ण या साठ्यातूनही मुक्त झाले आहेत, पण ते उपचार इतके जोखमीचे आहेत की केवळ एचआयव्हीसाठी कुणाला देता येत नाहीत.

साध्या एचआयव्ही चाचणीचेही असेच आहे. ती विषाणू मोजत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे शोधते. ती वर्षानुवर्षे राहतात. म्हणून व्हायरल लोड सापडत नसतानाही ही चाचणी पॉझिटिव्हच येते. ‘एचआयव्ही मुळापासून बरा’ अशी जाहिरात करणारे पुष्कळदा व्हायरल लोडचा अहवाल पुरावा म्हणून दाखवतात. तो आकडा सहसा एआरटीच्या गोळ्यांनी खाली आलेला असतो. त्या बंद करून दुसरे काही घेतले तर महिन्याभरात खरे चित्र समोर येते.

जोडीदाराला धोका किती?

रक्तातला विषाणू दबला की वीर्य आणि योनिस्रावातलाही दबतो. याचा लागणीवर काय परिणाम होतो, हे नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासात तपासले गेले. त्यात पुणे आणि चेन्नई ही केंद्रे होती. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही होता आणि दुसऱ्याला नव्हता. २०११ मध्ये आकडे समोर आले तेव्हा जोडीदाराकडूनच झाल्याचे सिद्ध झालेल्या २८ लागणी होत्या. त्यातल्या २७ उपचार पुढे ढकललेल्या गटात होत्या आणि लगेच उपचार सुरू केलेल्या गटात फक्त एक. पुढे युरोपातल्या एका अभ्यासात पुरुषांच्या ७८२ जोडप्यांनी निरोधशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध ठेवले. बाधित जोडीदाराचा व्हायरल लोड दबलेला होता. त्याच्याकडून दुसऱ्याला लागण झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही.

म्हणून आज जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की, गोळ्या नियमित घेणाऱ्या आणि व्हायरल लोड सापडत नसलेल्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही. याच्या मर्यादाही लक्षात ठेवायला हव्यात. उपचार सुरू झाल्यापासून पुरेसा काळ गेलेला असावा, साधारण सहा महिने, आणि शेवटचा अहवाल फार जुना नसावा. गरमी, परमा यांसारखे गुप्तरोग या गोळ्यांनी टळत नाहीत, त्यासाठी निरोधच लागतो. हा निष्कर्ष लैंगिक संबंधांपुरता आहे, एकमेकांच्या सुया वापरण्याला तो लागू करता येत नाही. आईचा व्हायरल लोड दबलेला असेल तर बाळाला होणारी लागण फार कमी होते. स्तनपानातून मात्र थोडा धोका उरतो, त्यामुळे बाळाची औषधे आणि तपासण्या ठरल्या वेळीच व्हाव्या लागतात.

पूर्वी उपचार सुरू करण्यासाठी सीडी४ २०० च्या, मग ३५० च्या, मग ५०० च्या खाली येण्याची वाट पाहिली जायची. २०१७ पासून भारतात ती अट उरलेली नाही. निदान झाले की सीडी४ कितीही असो, एआरटी केंद्रात गोळ्या मोफत सुरू होतात. व्हायरल लोड सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि नंतर वर्षातून एकदा केला जातो. शेवटचा कधी झाला ते पुस्तिकेत तारीख पाहून समजते. वर्ष उलटले असेल तर पुढच्या भेटीत ती चाचणी मागून घ्यावी. जवळचे केंद्र कुठे आहे, हे १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येते.